रीसेटने काय गेले आणि काय तसेच राहिले: नंदनवनमधील एका अभ्यासिकेचे प्रकरण

नागपूरच्या नंदनवन भागात एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांसाठी 45 खुर्च्यांची अभ्यासिका आहे. सकाळी 6 ते दुपारी 2 आणि दुपारी 2 ते रात्री 10 अशा दोन पाळ्यांत ती चालते. मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी तिच्या चालकांचा मला फोन आला. ते निवृत्त शिक्षक आहेत आणि आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांचे म्हणणे मी त्यांच्याच शब्दांत देतो, कारण पुढचे सगळे प्रकरण त्या एका वाक्यात सामावलेले होते: "भाऊ, रोज बंद-चालू करून करून कंटाळलो, म्हणून आज त्या राउटरले टाचणी लावून पुरतंच साफ करून टाकलं. आता तर नेटच येऊन नाही राहिलं."

आधीच्या दोन आठवड्यांची हकिगत अशी होती. दर दोन-तीन दिवसांनी, बहुधा दुपारची पाळी भरल्यानंतर, काही मुलांचे फोन वाय-फायला जोडले जात नसत. फोनवर आयपी पत्ता मिळवत असल्याचा संदेश बराच वेळ फिरत राही आणि मग जोडणी तुटे. काका राउटरचा प्लग काढून पुन्हा लावत आणि सगळे सुरळीत होई. दोन-तीन दिवसांनी तेच पुन्हा घडे. रीबूटचा गुण टिकत नाही म्हणजे त्याहून जोरकस उपाय हवा आणि तो जोरकस उपाय म्हणजे फॅक्टरी रीसेट, असा त्यांनी निष्कर्ष काढला. हा निष्कर्ष मी अनेक घरांत आणि दुकानांत ऐकला आहे. त्यामागचे गृहीतक असे असते की रीबूट आणि रीसेट ही एकाच औषधाची लहान आणि मोठी मात्रा आहे. प्रत्यक्षात ती दोन वेगळी औषधे आहेत आणि त्यांचे आजारही वेगळे आहेत.

राउटरमध्ये दोन प्रकारची साठवण असते. एक चालू स्मृती, जी वीज जाताच पुसली जाते. सध्या कोणकोणती उपकरणे जोडलेली आहेत, कोणाला कोणता पत्ता दिला आहे, कोणत्या उपकरणाचे कोणत्या संकेतस्थळाशी बोलणे चालू आहे, या सगळ्या नोंदी तिच्यात राहतात. दुसरी कायमची साठवण, म्हणजे फ्लॅश. तिच्यात राउटरचे फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा मूळ प्रोग्राम असतो आणि त्याच्या शेजारच्या वेगळ्या भागात आपण केलेल्या सेटिंग्ज असतात. रीबूट केल्याने फक्त चालू स्मृती रिकामी होते, सेटिंग्जना धक्का लागत नाही. फॅक्टरी रीसेट केल्याने सेटिंग्जचा भाग पुसला जातो आणि कारखान्यातील मूळ मूल्ये परत येतात. फर्मवेअर मात्र आहे त्याच आवृत्तीवर राहते. रीसेट केल्यावर राउटर पूर्णपणे नव्यासारखा होतो हा समज त्यामुळे अर्धाच खरा आहे: फर्मवेअरमध्ये एखादा दोष असेल तर तो रीसेटनंतरही तिथेच असतो.

यातून निघणारा निकष साधा आहे. बिघाड सेटिंग्जमध्ये असेल तरच रीसेट उपयोगी पडतो. सेटिंग्जना कोणी हात लावलेला नसेल आणि त्याच सेटिंग्जवर राउटर वर्षभर नीट चालला असेल, तर रीसेटला दुरुस्त करण्यासारखे काही उरतच नाही. काकांच्या राउटरच्या सेटिंग्ज दोन वर्षांत कोणी बदललेल्या नव्हत्या. शिवाय रीबूटने दोष प्रत्येक वेळी जात होता आणि ठरावीक काळाने परत येत होता. ही खूण तर फारच बोलकी आहे, कारण सेटिंग्जमधला दोष रीबूटने जात नाही. तो फ्लॅशमध्ये असतो आणि राउटर सुरू होताच त्याच्यासोबत परत उभा राहतो. रीबूटने जाऊन हळूहळू परतणारा दोष म्हणजे चालू स्मृतीत काहीतरी भरत चालले आहे किंवा उपकरण तापते आहे, यांपैकी एक.

रविवारी मी चारच्या सुमारास पोहोचलो तेव्हा मात्र मूळ दोषाचा विचार करण्याची उसंत नव्हती, कारण रीसेटने नवेच काम उभे केले होते.

प्रथम ओएनटी पाहिला. फायबरची वायर ज्या लहान डबीत येते तो हा भाग, आणि इथे तो राउटरपासून वेगळा बसवलेला आहे. त्यावरील `PON` दिवा स्थिर हिरवा होता आणि `LOS` दिवा बंद होता, म्हणजे फायबर शाबूत होती. हे आधी पाहण्याचे कारण असे की `LOS` लाल लुकलुकत असेल तर प्रकाश घरापर्यंत पोहोचतच नसतो. अशा वेळी रीबूट काय किंवा रीसेट काय, दोन्ही निरर्थक असतात आणि सेवा पुरवठादाराच्या माणसाने खांबापर्यंत वायर तपासणे एवढाच मार्ग उरतो. ओएनटीवर टाचणी लावण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. त्यात पुरवठादाराने भरलेला व्हीलॅन क्रमांक आणि ओळख क्रमांक असू शकतो, आणि तो गेला तर घरबसल्या परत भरता येईलच असे नाही. सुदैवाने काकांनी तिथे हात लावला नव्हता.

राउटर मात्र कोरा झाला होता. वाय-फायचे नाव बदलून खालच्या लेबलवरचे मूळ नाव आले होते, त्यामुळे एकाही मुलाचा फोन त्याला ओळखत नव्हता. राउटरचा स्वतःचा पत्ता `192.168.10.1` होता तो `192.168.0.1` झाला होता. त्यामुळे कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि हजेरीचे बोटांचे ठसे घेणारे यंत्र, ज्यांना अनुक्रमे `192.168.10.50` आणि `192.168.10.60` असे कायमचे पत्ते दिलेले होते, ही दोन्ही वायर जोडलेली असूनही राउटरच्या लेखी अस्तित्वातच नव्हती. डीव्हीआर बाहेरून पाहता यावा म्हणून केलेले पोर्ट फॉरवर्डिंग गेले होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इंटरनेटची जोडणी सुरू करणारे पीपीपीओईचे वापरकर्ता नाव आणि पासवर्ड पुसले गेले होते.

रीसेटच्या आधी यांपैकी कशाचीही नोंद कुठे ठेवलेली नव्हती. तरीही पुष्कळशा गोष्टी इतर उपकरणांतून वाचून काढता आल्या. वाय-फायचे जुने नाव आणि पासवर्ड एका विद्यार्थिनीच्या फोनमध्ये साठवलेला होता आणि शेअर करण्याच्या क्यूआर कोडखाली तो अक्षरांत दिसत होता. जुनी पत्त्यांची मालिका डीव्हीआरच्या स्वतःच्या पडद्यावरील नेटवर्कच्या पानावरून कळली. पीपीपीओईचे नाव आणि पासवर्ड जोडणी घेतानाच्या पावतीमागे निळ्या पेनाने लिहिलेला सापडला, आणि ती पावती काकूंनी वीजबिलांच्या फाइलमध्ये लावून ठेवली होती. राउटरचा प्रशासक पासवर्ड विसरल्यामुळे बॅकअप घेणेच शक्य नसते तेव्हा रीसेटच्या आधी हीच शोधाशोध करून घ्यावी लागते. रीसेटनंतर ती करणे म्हणजे घर पाडून झाल्यावर नकाशा शोधणे.

राउटरमध्ये मी प्रथम लॅनचा पत्ता `192.168.10.1` केला. राउटर पुन्हा सुरू होताच हजेरीचे यंत्र आणि डीव्हीआर, दोन्हीला हात न लावता, जागेवर आले. त्यानंतर वाय-फायला जुनेच नाव, जुनाच पासवर्ड आणि जुनाच सुरक्षा प्रकार दिला. हे मुद्दाम सांगतो, कारण काका नव्या नावाचे कागद छापून प्रत्येक टेबलावर चिकटवण्याच्या तयारीत होते. फोनच्या दृष्टीने नाव, पासवर्ड आणि सुरक्षा प्रकार तेच असेल तर राउटर आतून कोरा झाला आहे की नाही याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते. पाच मिनिटांत खोलीतले सगळे फोन आपोआप जोडले गेले, फक्त पुढे इंटरनेट नव्हते.

पावतीवरचा पीपीपीओईचा पासवर्ड भरला तरी राउटर जोडला जात नव्हता. नोंदींच्या पानावर दर थोड्या वेळाने `authentication failed` ही ओळ येत होती. या ठिकाणी बहुतेक लोक पासवर्ड चुकला असे समजून तो पुन्हा पुन्हा भरतात, आणि मीही तो तीनदा भरला. परंतु ही ओळ नीट वाचली तर तिच्यात एक चांगली बातमीही आहे: पुरवठादाराचा सर्व्हर उत्तर देतो आहे. वायर, ओएनटी किंवा व्हीलॅन चुकले असते तर राउटरच्या हाकेला उत्तरच आले नसते आणि नोंदीत वेळ संपल्याचा मजकूर दिसला असता. उत्तर येते आहे पण नकार मिळतो आहे, याची साधारणपणे तीन कारणे असतात. नाव किंवा पासवर्ड खरोखर चुकलेला असतो. किंवा जुनी जोडणी सर्व्हरच्या लेखी अजून जिवंत असते आणि एका खात्यावर एकच जोडणी चालत असल्याने नव्याला प्रवेश मिळत नाही. किंवा पुरवठादाराने ते खाते एका ठरावीक मॅक अ‍ॅड्रेसला, म्हणजे एका विशिष्ट उपकरणाच्या ओळख क्रमांकाला बांधलेले असते.

दुसऱ्या कारणाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण ते नुसत्या रीबूटच्या वेळीही आडवे येते. राउटरच्या पानावरून रीबूट केला तर बरेच राउटर बंद होण्याआधी सर्व्हरला निरोप देतात आणि जोडणी रीतसर संपते. प्लग ओढला तर निरोप जात नाही. सर्व्हर काही काळ वाट पाहतो, उत्तर येत नाही असे लक्षात आल्यावरच ती जोडणी मृत ठरवतो. या मधल्या काळात राउटर लगेच सुरू झाला तर त्याला नकार मिळू शकतो. घाईने प्लग काढून लगेच लावणारा माणूस रीबूटने काही झाले नाही असे म्हणतो आणि टाचणी शोधू लागतो. म्हणून प्लग काढून करायचे असेल तर दोन-तीन मिनिटे थांबावे, आधी ओएनटी सुरू करून त्याचा `PON` दिवा स्थिर होऊ द्यावा आणि मगच राउटर लावावा. आमच्या बाबतीत मात्र रीसेट होऊन तासापेक्षा जास्त वेळ झाला होता, त्यामुळे हे कारण बाद ठरत होते.

उरले पासवर्ड आणि मॅक. पुरवठादाराच्या स्थानिक कार्यालयात रविवारी कोणी फोन उचलत नव्हते. तेव्हा काकांना विचारले की हा राउटर पहिल्यापासूनचा आहे का. ते म्हणाले, नाही, आधीचा जुना होता, त्याचा वेग कमी पडायचा म्हणून दोन वर्षांपूर्वी हा आणला. जुना राउटर जिन्याखालच्या कपाटात अजून होता. धूळ झटकून तो वीजेला लावला, ओएनटीची वायर त्यात खोचली, आणि मिनिटभरातच त्याचा इंटरनेटचा दिवा हिरवा झाला. त्याच्या पीपीपीओईच्या पानावर वापरकर्ता नाव पावतीवरचेच होते. पासवर्डच्या जागी ठिपके होते, पण अक्षरांची संख्या जुळत होती. म्हणजे खाते चालू होते आणि पासवर्डही बहुधा बरोबर होता. दोन राउटरांत उरलेला मुख्य फरक मॅक अ‍ॅड्रेसचा.

उलगडा असा की दोन वर्षांपूर्वी ज्याने हा नवा राउटर बसवला, त्याने पुरवठादाराला फोन करून मॅक बदलून घेण्याऐवजी जुन्या राउटरचा मॅक नव्यात भरला होता. राउटरच्या `MAC Clone` या सोयीने ते सहज करता येते आणि त्यात गैर काही नाही. परंतु ती एक सेटिंग होती, म्हणून रीसेटने तीही गेली आणि राउटर स्वतःच्या खऱ्या मॅकने हाका मारू लागला. या सेटिंगची कोणालाच आठवण नव्हती. जुन्या राउटरचा सहा जोड्यांचा मॅक नव्यात भरला. तीन मिनिटे थांबून त्यात वायर खोचली आणि जोडणी लागली. इथे एक बारकावा आहे: लेबलवर छापलेला मॅक बहुधा लॅनच्या बाजूचा असतो आणि इंटरनेटच्या बाजूचा त्याहून एकाने वेगळा असू शकतो, त्यामुळे जुन्या राउटरच्या स्थितीच्या पानावर `WAN` खाली दिसणारा आकडाच खरा मानावा. आमच्या राउटरमध्ये शेवटच्या जोडीत तसाच एकाचा फरक होता. आधी मी जुना राउटर पालथा करून लेबलवरचा आकडा भरला तेव्हा पुन्हा नकार आला होता, पान पाहून तो दुरुस्त केल्यावरच जोडणी लागली.

सायंकाळी सात वाजता सगळे पूर्ववत झाले. टाचणीच्या दहा सेकंदांसाठी तीन तास गेले. पण ज्या दोषासाठी टाचणी लावली होती, त्याचे काय झाले हे अजून कोणालाच माहीत नव्हते.

मला शंका होती, परंतु पुरावा नव्हता, आणि पुरावा नसण्याचे कारण पुन्हा रीसेटच होते. रीबूट आणि रीसेट या दोन्हींनी चालू स्मृतीतली पत्त्यांची यादी पुसली जाते आणि रीसेटने राउटरच्या नोंदीही जातात. दोष चालू असतानाच ते पान उघडून पाहायला हवे होते. म्हणून काकांना सांगितले की पुन्हा झाले तर प्लगला हात लावू नका, मला फोन करा. खरे तर रविवारीच मला हा भाग तपासून पाहता आला असता, पण जोडणी लागल्याच्या आनंदात मी निघून आलो, हेही नमूद करतो.

मंगळवारी दुपारी पाचला फोन आला. नागपूरच्या मे महिन्यात पहिला संशय उष्णतेवर जातो. घरगुती राउटर साधारणपणे 40 अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात चालण्यासाठी बनवलेले असतात आणि इथे खोलीच्या बाहेर पारा त्याच्या पुष्कळ वर असतो. पण राउटर तापून गडबडत असता तर सगळ्यांचेच नेट अडखळले असते आणि ते दुपारी दोन-तीनला सर्वांत जास्त अडखळले असते. इथे मात्र आधीपासून जोडलेल्या मुलांचे व्हिडिओ व्यवस्थित चालू होते आणि नव्याने आलेल्यांनाच प्रवेश मिळत नव्हता. अडकलेल्या एका मुलाच्या लॅपटॉपवर `ipconfig` चालवले तेव्हा हे दिसले:

```
Autoconfiguration IPv4 Address. . : 169.254.83.17
Subnet Mask . . . . . . . . . . . : 255.255.0.0
Default Gateway . . . . . . . . . :
```

`169.254` ने सुरू होणारा पत्ता राउटरने दिलेला नसतो. राउटरकडे पत्ता मागून तो मिळाला नाही म्हणजे विंडोज स्वतःच असा पत्ता लावून घेते, आणि म्हणूनच खालची गेटवेची जागा रिकामी आहे. मग त्या मुलाच्या शेजारच्याच लॅपटॉपवरून राउटरचे पान उघडले आणि डीएचसीपीची यादी पाहिली. तिच्यात बरोबर 100 ओळी होत्या.

डीएचसीपी म्हणजे राउटरमधला पत्ते वाटणारा कारकून. त्याच्याकडे ठरावीक संख्येने टोकन असतात. या राउटरमध्ये ती `192.168.10.100` पासून `192.168.10.199` पर्यंत, म्हणजे 100 होती. दिलेले टोकन किती काळ त्या उपकरणाच्या नावावर राहील याचीही मुदत असते आणि ती इथे 1440 मिनिटे, म्हणजे पूर्ण एक दिवस होती. उपकरण निघून गेले तरी मुदत संपेपर्यंत त्याचे टोकन अडकून राहते. मे महिन्याच्या सुरुवातीला दुपारची पाळी भरल्यापासून दोन्ही पाळ्यांची मिळून 84 मुले येत होती. प्रत्येकाचा एक फोन आणि साधारण चौघांमागे एकाचा लॅपटॉप धरला तर शंभरी सहज ओलांडली जाते. सकाळची मुले दोन वाजता घरी जात, पण त्यांची टोकने दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांच्याच नावावर असत, आणि तोवर ती मुले परत येऊन मुदत वाढवून घेत. दुपारच्या पाळीतल्या शेवटी येणाऱ्यांना टोकन उरत नसे.

रीबूटने दोष का जात होता हेही आता स्पष्ट होते. या राउटरमध्ये वाटपाची यादी चालू स्मृतीत असते. प्लग काढला की ती कोरी होई, त्या क्षणी खोलीत असलेली उपकरणेच पुन्हा पत्ता मागत आणि घरी गेलेल्यांची टोकने आपसूक मोकळी होत. दोन-तीन दिवसांत यादी पुन्हा भरे. आणि रीसेटने तो जाणार नव्हता हेही तितकेच स्पष्ट होते, कारण 100 पत्ते आणि 1440 मिनिटे ही कारखान्यातूनच आलेली मूल्ये होती. रीसेट राउटरला ज्या मूळ मूल्यांवर नेतो, दोष नेमका त्या मूल्यांतच होता. त्या मूल्यांत चूक काही नव्हती, ती चार माणसांच्या घरासाठी ठीकच आहेत.

दुरुस्ती दोन आकड्यांची होती. मालिका `192.168.10.250` पर्यंत वाढवली, त्यामुळे 151 पत्ते झाले. डीव्हीआर आणि हजेरीच्या यंत्राचे पत्ते 50 आणि 60 असल्याने ते या मालिकेबाहेर सुरक्षित राहिले. मुदत 1440 वरून 120 मिनिटे केली. आता एका वेळी खोलीत असणारी साठेक उपकरणे आणि मागच्या दोन तासांत निघून गेलेली फार तर तेवढीच, असे मिळून 120 होतात, म्हणजे जागा शिल्लक राहते. मुदत कमी केल्याने उपकरणे पत्ता वारंवार नूतन करतात, परंतु त्याचा भार नगण्य असतो. त्यानंतर पावसाळा सुरू होईपर्यंत काकांना प्लगला हात लावावा लागला नाही.

हे सगळे झाल्यावर त्याच दिवशी बॅकअप घेतला. तो आधी घेतलेला असता तर रविवारचे तीन तास दहा मिनिटांवर आले असते. लॅपटॉप वाय-फायऐवजी वायरने जोडला, `192.168.10.1` उघडले आणि `System Tools` मधील `Backup & Restore` या पानावरून फाइल उतरवून घेतली. ती `config.bin` नावाची, काही किलोबाइटची असते आणि उघडून वाचता येत नाही. पीपीपीओईचा पासवर्ड, वाय-फायचा पासवर्ड, कॉपी केलेला मॅक, पोर्ट फॉरवर्डिंग हे सगळे तिच्यात असते, म्हणूनच ती अभ्यासिकेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नये. काकांनी ती तिथे ठेवूया असे सुचवले होते. आम्ही ती एका पेनड्राइव्हवर आणि काकूंच्या संगणकावर ठेवली आणि नावात राउटरचे मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती आणि तारीख घातली.

मॉडेल आणि आवृत्ती लिहिण्याचे कारण असे की ही फाइल त्याच मॉडेलच्या, तेही त्याच हार्डवेअर आवृत्तीच्या राउटरवरच परत भरता येते. फर्मवेअर बरेच पुढे गेले असेल तर कधी कधी तीही नाकारली जाते. राउटर वीजेच्या झटक्याने जळला आणि दुकानातून दुसऱ्या कंपनीचा आणला तर फाइलचा काडीचा उपयोग नाही. म्हणून फाइलच्या जोडीला हाताने लिहिलेला एक कागद ठेवला. त्यावर पीपीपीओईचे नाव आणि पासवर्ड, इंटरनेटच्या बाजूचा मॅक, लॅनचा पत्ता, पत्त्यांची मालिका आणि मुदत, वाय-फायचे नाव व पासवर्ड, आणि डीव्हीआरचा पत्ता व पोर्ट एवढेच आहे. माझ्या मते दोन्हींत निवड करायची वेळ आली तर कागद निवडावा. तो काकूंच्या त्याच वीजबिलांच्या फाइलमध्ये गेला.

रीसेटच योग्य ठरतो असे प्रसंगही असतात. प्रशासक पासवर्ड कोणालाच आठवत नसेल तर दुसरा मार्गच नाही. राउटरमध्ये कोणी शिरून डीएनएसचे, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचे पत्ते बदलले असतील आणि बँकेच्या संकेतस्थळाऐवजी भलतेच पान उघडत असेल, तर तो बदल सेटिंग्जमध्ये बसलेला असतो आणि रीबूटने हलत नाही. या दोन उपायांमधला फरक 2018 साली मोठ्या प्रमाणावर दिसला. मे 2018 मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा मालवेअर उघडकीस आला तेव्हा 54 देशांतील किमान 5 लाख राउटर आणि तत्सम उपकरणांत तो शिरल्याचा सिस्कोच्या टॅलोस पथकाचा अंदाज होता, आणि अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना राउटर रीबूट करण्याचे आवाहन केले. त्या मालवेअरचे नंतरचे टप्पे चालू स्मृतीत राहत, ते रीबूटने जात. पहिला टप्पा मात्र कायमच्या साठवणीत बसलेला असे आणि रीबूटनंतरही टिकून राही. तो काढण्यासाठी फॅक्टरी रीसेट करून, फर्मवेअर अद्ययावत करून, मूळ पासवर्ड बदलावा लागे. रीबूट करा हे आवाहन चुकीचे नव्हते, पण ते तात्पुरते होते.

टाचणी लावायचीच असेल तर एक गोष्ट आधी पाहावी. काही राउटरांवर रीसेट आणि डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न भरता उपकरण जोडण्याची सोय, यांसाठी एकच बटण असते. थोडा वेळ दाबले तर डब्ल्यूपीएस सुरू होते आणि पाच-दहा सेकंद दाबून धरले तर रीसेट होतो. नेमका काळ मॉडेलनुसार बदलतो. सगळे दिवे एकदम लुकलुकले किंवा विझून पुन्हा लागले की रीसेट झाला असे समजावे आणि त्यानंतर राउटर पूर्ण सुरू होईपर्यंत वीज काढू नये. रीसेटनंतर पहिले काम प्रशासक पासवर्ड बदलण्याचे, कारण काही जुन्या राउटरांवर नाव आणि पासवर्ड दोन्ही `admin` वरच परत येतात.

निघताना जिन्याखालच्या जुन्या राउटरचा विषय निघाला. गुरुवारी भंगारवाला येतो, त्याला तो देऊन टाकायचा होता. त्यात अभ्यासिकेच्या खात्याचे नाव, पासवर्ड आणि जुने वाय-फाय तसेच साठवलेले होते. मी त्याच्या पानावरचा `WAN` चा मॅक कागदावरच्या आकड्याशी एकदा ताडून पाहिला. मग काकांनी शर्टाच्या खिशातून तीच टाचणी काढली आणि दिवे लुकलुकेपर्यंत दाबून धरली.